त्याला शांती म्हणत नाहीत

बकुळाताई सकपाळ भोईवाड्याच्या कोर्टात शिपाई होत्या. खटल्यातल्या नावांचा पुकारा त्या करायच्या, आणि तो आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायचा. आमच्या चाळीत त्या गॅलरीच्या टोकाला राहतात, मी त्यांच्या शेजारच्या खोलीत. संध्याकाळी त्यांनी "अभय" म्हणून हाक मारली की त्यांचा मुलगा खालच्या गल्लीतून धावत यायचा. कोणी म्हणायचं, "ताई, जरा हळू बोला, पोरांचा अभ्यास चाललाय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मी गप्प बसले म्हणून तुझा पोरगा कलेक्टर होणार असेल, तर उद्यापासून मौन धरते."

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की त्या गप्प झाल्या तेव्हा लोकांना बरं वाटलं. त्याचाच मला संताप आहे.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्या कमी बोलायला लागल्या. गॅलरीत येईनात. रोजचा पेपर घडी न मोडता पडून राहायचा. आम्ही म्हणालो, नोकरी सुटली की होतं असं. त्याच सुमारास त्या इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आल्या. आल्यावर त्यांचा चेहरा बघून महिला मंडळाच्या अध्यक्षा मालनताई थक्क झाल्या. "बघा ग, एक रेष हलत नाही चेहऱ्यावरची. याला म्हणतात साधना." पुढे काही महिन्यांनी उजवा हात थरथरायला लागला. हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट तीळ चोळल्यासारखे आपोआप हलायचे. पाय घासत चालणं सुरू झालं. परळच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्स. मराठीत कंपवात.

मला हा शब्दच आवडत नाही. कंप म्हटलं की सगळ्यांचे डोळे हाताला चिकटतात. अभयही तेच करायचा. तो बँकेत आहे, पोरगा चांगला, आईचं औषध कधी चुकवलं नाही. घरी आला की पहिला प्रश्न, "आई, हात कसा आहे?" दवाखान्यात डॉक्टरांचंही लक्ष हाताकडेच. टाळी वाजवायला सांगायचे, बोटं उघड-मीट करायला लावायचे, कोपर हलवून किती ताठ आहे ते बघायचे. मग गोळी वाढायची. डॉक्टर सवयीने विचारायचे, "बाकी काही?" बकुळाताईंचा आवाज बारीक झाला होता आणि उत्तर मनातून ओठावर यायला वेळ लागायचा. तेवढ्यात अभय बोलून मोकळा व्हायचा, "बाकी एकदम शांत आहे, डॉक्टर."

गोळ्या लागू पडल्या. हात पुष्कळ थांबला, पाय मोकळा झाला. बकुळाताई मात्र खाटेवरून उठेनात.

इथेच कोणीतरी थबकायला हवं होतं. हात-पाय सुधारले तर माणूस का बसून राहतं? पण आमच्याकडे उत्तर तयार होतं. मालनताई म्हणायच्या, "आता त्यांना कशाची ओढ उरली नाही." सून प्रितीला शेजारणी सांगायच्या, "नशीब काढलंस. आमच्या सासवा बघ, अजून कुकरच्या शिट्ट्या मोजतात." प्रिती हसायची, पण मग एकदा माझ्या दारात येऊन म्हणाली, "काकी, आई काल दुधी समोर ठेवून ओट्यापाशी नुसत्या उभ्या होत्या. म्हणाल्या, आधी सोलायचा की डाळ भिजवायची, ते जुळत नाहीये. विसरल्या नाहीत हो. थोडं थांबून विचारलं की सगळं बरोबर सांगतात. पण दोन कामं एकत्र आली की अडकतात. आणि जेवण बघा, अर्धी भाकरी. पहाटे जागं होऊन भिंतीकडे बघत बसतात."

"अभयला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, वयाचं आहे."

मी बकुळाताईंकडे जाऊन बसायला लागले. त्यांच्याशी बोलायचं तर एक करावं लागतं, प्रश्न विचारून गप्प राहावं लागतं. तेवढा धीर कोणाकडे नसतो. मी विचारलं, "ताई, ध्यानाला बसता का अजून?" बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "ते कधीच सुटलं. त्यात मन लागावं लागतं ग."

वैशाखात बुद्ध पौर्णिमा आली. मंडळाने ठरवलं, विहारात ज्येष्ठ उपासिका म्हणून बकुळाताईंचा सत्कार करायचा. मी मालनताईंना म्हटलं, त्यांना बरं नाहीये, राहू द्या. "लतिका, तू फार काळजी करतेस. अशा माणसाच्या नुसत्या दर्शनाने बळ मिळतं," असं म्हणून त्या खुर्च्यांच्या हिशोबाला लागल्या.

पांढरी साडी नेसवून बकुळाताईंना पुढे बसवलं. वंदना झाली, खीर तयार होती, पोरं चुळबुळत होती. मालनताई माइकवर आल्या. "आपण सगळे राग, लोभ, हेवेदावे घेऊन फिरतो. बकुळाताईंकडे बघा. एवढा मोठा आजार, पण चेहऱ्यावर दुःखाची सावली नाही. कोर्ट गाजवणारी ही बाई आज कशी आहे? शांत. ताई, दोन शब्द बोला."

माइक त्यांच्या तोंडाशी धरला. त्या बोलेनात. लोक कौतुकाने वाट बघत होते, मौनाचंही कौतुक. मग तो बारीक, सपाट आवाज आला.

"मी शांत नाही. मला काही वाटतच नाही. नातू झाला तेव्हाही नाही वाटलं. रोज सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

मालनताई क्षणभर अडखळल्या, पण माइक हातात असला की माणसाला सुचतं. "बघा," त्या म्हणाल्या, "किती अनासक्ती आहे ही. साधू, साधू, साधू."

आणि लोकांनी हात जोडून अनुमोदन दिलं, साधू, साधू, साधू.

मी आतापर्यंत बऱ्याच सभांना बसले आहे. एखाद्या बाईने भरल्या सभेत मदत मागावी आणि सभेने तिला हात जोडावेत, हे पहिल्यांदाच बघितलं. जो धम्म दुःख आहे हे सरळ मान्य करण्यापासून सुरू होतो, त्याच्याच विहारात एकीचं दुःख तिच्या तोंडून ऐकूनही कोणाला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर अभय माझ्यावरच उखडला. "काकी, तुम्ही तिच्या डोक्यात काही भरवलंत का? चारचौघांत काय बोलली ती."

"ती बोलली त्याचा राग आलाय की लोकांनी ऐकलं त्याचा?"

"मी काय कमी करतोय? प्रत्येक गोळी वेळेवर देतो."

"देतोस रे. हाताची देतोस."

तो खाली बघत म्हणाला, "तिला एवढा आजार आहे, ती उदास असणारच ना. त्याला औषध काय असणार?"

म्हणजे कळत होतं त्याला. लोकांना कळतं, पण "असणारच" म्हणून ते कपाटात ठेवून देतात. अंगात ताप असणारच म्हणून कोणी डॉक्टर गाठायचा राहतो का?

पुढच्या तपासणीला प्रितीबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी हात बघितला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "छान. बाकी काही?" अभयने तोंड उघडलं. मी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"डॉक्टर, हा प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

बाहेर गर्दी होती आणि त्यांना घाई होती, हे दिसत होतं. पण ते थांबले. बकुळाताईंनी विहारात सांगितलं तेच सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का, तसं काही करायचं ठरवलंय का. अभयने मान खाली घातली. बकुळाताई म्हणाल्या, "करायचं काही नाही. पण झोपेत गेले तर बरं, असं वाटतं. रोज वाटतं."

डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. आजाराचं वाईट वाटतं ते वेगळं, पण हे बऱ्याचदा या आजाराचाच भाग असतं. ज्या बदलांमुळे हात थरथरतो, त्यांतले काही मनावरही परिणाम करतात. कधीकधी हे थरथरीच्याही आधी सुरू होतं." मला तो घडी न मोडलेला पेपर आठवला. "मंदपणा, झोप उडणं, भूक जाणं, हे सगळं पार्किन्सन्समध्येही होतं आणि नैराश्यातही. त्यामुळे एकाखाली दुसरं झाकलं जातं. चेहऱ्याचे स्नायू ताठ होतात, म्हणून आत काय चाललंय ते वरून दिसत नाही."

"मग दिसत नाही तर विचारायला नको का?" मी म्हटलं.

"त्यांनी कधी सांगितलं नाही."

"तुम्ही हात कसा आहे ते त्यांना विचारत नव्हतात, डॉक्टर. तपासत होतात."

त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. माणूस वाईट नव्हता. पण इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने ते विचारायला शेजारणीची वाट बघावी, हे मला अजून पचत नाही. अडाण्याला माफी असते.

त्यांनी थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्हची तपासणी लिहिली, गोळ्यांच्या वेळा बदलल्या, नैराश्याची गोळी कमी मात्रेत सुरू केली आणि मनोविकार विभागाकडे चिठ्ठी दिली. ओट्यापाशी अडकणं वेडेपण नाही, असं प्रितीला समजावलं. या आजारात विचार मंदावतात, क्रम लावणं जड जातं. नैराश्य त्यात भर घालतं, ते उतरलं तर थोडं सुटेल, थोडं राहील. एका वेळी एक काम द्यायचं. गुण यायला काही आठवडे लागतील, आणि जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी यायचं.

परत येताना टॅक्सीत अभय म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?"

प्रिती आणि मी उत्तर येईपर्यंत थांबलो. टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला होती. तो पुन्हा बोलायला लागला तशी प्रितीने त्याला कोपराने ढोसलं.

"तू हात कसा आहे विचारायचास," बकुळाताई म्हणाल्या. "हात बरा होता."

पावसाळा सरता सरता भाकरी पुरी जायला लागली. झोप थोडी सुधारली. मानसोपचारवाल्या बाई त्यांना रोज एक ठरलेलं काम करायला लावतात, मन लागो न लागो. काही दिवस अजूनही वाईट जातात. गोळीचा असर ओसरायच्या वेळेला त्या घाबऱ्याघुबऱ्या होतात, तेव्हा प्रिती जवळ बसते. आजार आहे तो आहेच. चेहराही तसाच आहे, मालनताई आजही त्याला शांत म्हणतात.

गेल्या वेळी दवाखान्यात नाव आलं, तसा अभय फाइल घेऊन उठला. बकुळाताईंनी त्याच्या हातातून फाइल घेतली.

"तू बस इथे," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत कोणी थांबलं पाहिजे. तू थांबत नाहीस."

आणि भिंतीला धरत धरत, पाय घासत, त्या एकट्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले, आणि अभय त्यांना म्हणाला, "आई बोलतेय. वेळ लागेल."