फोटोतला एकमुखी

आमच्या घरात मार न खाल्लेला माणूस नव्हता. अभिमानानं सांगत नाही, होतं ते सांगते. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत बाजारातल्या टपऱ्या जळाल्या, त्यात बाबांचीही गेली. आम्ही पटवेकरी. लोकांचे मणी, मंगळसूत्रं, माळा रेशमी दोऱ्यात गाठून द्यायचा आमचा पिढीजात धंदा. टपरी गेली तशी रेशमाची गुंडाळी, सुया, गिऱ्हाइकांचे मणी, सगळं गेलं. गिऱ्हाइकं घरी येऊन आईला वाट्टेल ते बोलून गेली. एकानं तर बाबांना चाळीच्या जिन्यावरून खाली ओढत नेलं होतं.

मग बाबा नारपोलीत एका कापडाच्या कारखान्यात लूमवर लागले. रात्रपाळी. एकदा लूममधला धोटा उडाला आणि बाबांच्या कानावर बसला. लाकडाचा, लोखंडी टोकाचा धोटा. कान मधोमध फाटला. कापडावर रक्त पडलं म्हणून मुकादमानं वरून लाथ घातली. बाबा घरी आले ते डोक्याला लूमचंच कापड बांधून. आईनं विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "डाग पडला. पगारातून कापणार." आईला त्या रात्री जेवण गेलं नाही, एवढं आठवतं. पुढं पैसे जमवून बाबा परत बाजारात बसले, ताडपत्रीखाली, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून.

मी कॉलेजात गेले ती त्या दोऱ्याच्या जोरावर. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वनस्पतिशास्त्र घेतलं. सकाळी कॉलेज, दुपारी बाबांच्या शेजारी. रुद्राक्षाचं काम बहुतेक माझ्याकडेच. रुद्राक्षाच्या अंगावर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत उभ्या खाचा असतात, त्यांना मुखं म्हणतात. पाच खाचा तर पंचमुखी, तो ढिगानं मिळतो. तीन खाचा तर तीनमुखी, तोही मिळतो. एकच खाच असलेला गोल एकमुखी मात्र लोक आयुष्यभर शोधतात, आणि ठकवणारे त्या लोकांना शोधतात.

ती गोष्ट मी शेवटच्या वर्षाला असतानाची. हायवेकडच्या एका गावातल्या शेठनं जमिनी विकून गोदामं बांधली होती. त्यानं कुठल्याशा महाराजांच्या माणसाकडून एकमुखी घेतला. चांदीच्या वाटीत, भस्मात अर्धा पुरलेला. मंडल, म्हणजे ठरलेल्या दिवसांची पूजा, पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी त्या माणसाची अट. शेठनं वाटीसकट त्याचा फोटो काढून घेतला, कॅलेंडरएवढा मोठा करून गोदामाच्या ऑफिसात फ्रेम लावून टांगला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. अट संपल्यावर मणी तसाच भस्मानं माखलेला, लाल कपड्यात बांधून बाबांकडे आला. रेशमात गाठून द्यायला.

ओवायच्या आधी मणी धुवावा लागतो. बाबांनी कोमट पाण्यात धुतला, ब्रशनं घासला, तेल लावलं. खाचा मोकळ्या झाल्या. तीन.

दुसऱ्या दिवशी शेठ जीप घेऊन आला, तेव्हा बाबांनी सरळ सांगितलं. "शेठ, रागावू नका. तुमचा मणी अस्सल हाय. पण एकमुखी न्हाय. तीनमुखी हाय."

मी त्या दिवशी घरी होते, तिथं नव्हते. समोरच्या फुलवालीनं घरी येऊन सांगितलं. शेठनं आधी ऐकलंच नाही. महाराजांचा माणूस सोबत होता. तो म्हणाला, "सेठ, इसने माल बदल दिया. मैं बोला था ना, बाजार में मत दो." एवढंच पुरलं. शेठनं बाबांच्या तोंडात मारली. दोन माणसांनी ताडपत्री उपटली, तिच्या बांबूनंच बाबांना मारलं. लोक बघत होते. "चोर! आमचा एकमुखी खाल्ला चोरानं!" असं ओरडत त्यांना बांबूसकट जीपमध्ये घातलं आणि गोदामावर नेलं.

"एकमुखी काढून दे न्हायतर हात ठेवत न्हाय, असं बोलले गं," फुलवाली म्हणाली.

पटवेकऱ्याचा हात गेला तर उरतं काय? आई चूल तशीच टाकून उठली. चौकी लांब, गोदाम जवळ. आम्ही रिक्षा केली.

ऑफिसात बाबा जमिनीवर बसले होते. बनियन फाटलेलं, ओठ सुजलेला. एकानं त्यांचा डावा हात टेबलावर दाबून धरला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आधीच वाकडी झाली होती. टेबलावर हातोडी होती. ती बघून मी आधी एक पाऊल मागं सरकले. खोटं कशाला सांगू.

आई शेठच्या अंगावरच गेली. "मार, मला पण मार! बघू तुझी मर्दानगी!" एका माणसानं तिला ढकलली, ती कपाटावर आपटली.

"बाय, बाजूला व्हा," शेठ म्हणाला. "तुमच्या नवऱ्यानं कुठं विकला ते सांगा नि घेऊन जावा त्याला."

मी म्हणाले, "शेठ, तुमचा मणी कुठाय?"

"तू कोण?"

"त्यांची मुलगी. बी.एस्सी.ला आहे. मणी आणि फोटो एकदा बघू द्या. मग मारायचं तर मारा."

महाराजांचा माणूस हसला. "पढ़ी-लिखी है. अब ये सिखाएगी."

"तुला न्हाय शिकवत," मी म्हणाले. "तुला तर सगळं आधीपासून येतं."

शेठनं त्याच्याकडे बघितलं, मग मण्याची पुडी माझ्याकडे टाकली. "बघ. त्या फोटोत एक रेघ हाय, मोठी, बोटाएवढी. ह्या मण्यात तीन हायत. आंधळ्याला पण समजंल."

फोटोत खरंच एकच रेघ होती. मधोमध, वरून खाली गेलेली. मी फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर ठेवली. बाबांचा हात दाबून धरलेला माणूस त्यासाठी जरा मागं सरकला, तेवढ्यात बाबांनी हात ओढून पोटाशी घेतला.

"शेठ, तीनमुखीच्या तीन रेघा मण्याभोवती सारख्या अंतरावर असतात. एक समोर धरली की बाकीच्या दोन पाठीमागं जातात. फोटो एकाच बाजूनं काढलाय. भस्मात पुरलेला, त्यामुळं तुम्हाला फिरवूनही बघता आला नाही."

"असं कसं? न्हाय दिसत म्हणजे न्हाय."

"दिसतात. मधली रेघ सोडा. वर भोकाकडे बघा."

फोटोत मणी जरासा पुढं कललेला होता, त्यामुळं वरचं भोक काळ्या ठिपक्यासारखं दिसत होतं. सगळी मुखं भोकापाशीच येऊन मिळतात. त्या ठिपक्यातून एक रेघ आपल्याकडे आलेली. आणि ठिपक्याच्या मागच्या कडेवर दोन बारीक खाचा, एक डावीकडे, एक उजवीकडे, सुरू होऊन लगेच पाठीमागं गेलेल्या. फोटो एवढा मोठा केला नसता तर दिसल्या नसत्या. शेठच्या मिरवण्यानंच आमचं काम केलं.

"मोजा," मी म्हणाले.

शेठ वाकला. काचेवर त्याचं बोट तीनदा टेकलं.

"आता मणी." मी मणी फोटोतल्यासारखा धरला. "भोकाजवळच्या एका उंचवट्याचा टवका उडालाय, रेघेच्या डाव्या अंगाला. फोटोत आहे. मण्यात आहे. हाच तो मणी. बदललेला नाही."

महाराजांचा माणूस एकदम उठला. "झूठ! मणी वही होगा, दो लाइन इसने कोरी है! पटवा है, सुई-चाकू सब रखता है!"

शेठची मान परत माझ्याकडे वळली. मला वाटलं, संपलं. हातोडी त्याच्याच बाजूला होती.

"कोरलेली रेघ गुळगुळीत असते, ब्लेडनं ओढल्यासारखी, आणि भोकाच्या आत जात नाही," मी म्हणाले. "या तिन्ही वेड्यावाकड्या आहेत, आत गेल्यात. तरी पटत नसेल तर कापा. बाहेर जेवढी खरी मुखं, आत बियांचे तेवढेच कप्पे. बाहेरून कोणी रेघ कोरेल, आतला कप्पा कसा कोरेल?"

"एकमुखी कापू?" शेठ ओरडला.

"एकमुखी असता तर कापा म्हणाले नसते."

मग शेठ स्वतःच मणी घेऊन शेजारच्या शेडमध्ये गेला, आम्ही सगळे मागोमाग. तिथं गाड्यांच्या कामाचा शिकंजा होता, लोखंड कापायची करवत होती. मणी शिकंज्यात आवळला आणि आडवा कापायला लागला. करवत निसटली, त्याच्या अंगठ्यात घुसली, रक्त आलं. तो थांबला नाही. मणी दोन तुकडे होऊन पडला.

मी तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. मधल्या भोकाभोवती तीन कप्पे. दोनात बी होती, तिसऱ्यातली वाळून कोळपलेली. त्याच्या अंगठ्याचं रक्त एका कप्प्यात उतरलं.

"तीन," आई म्हणाली. तीनपर्यंत तिलाही मोजता येत होतं.

महाराजांचा माणूस दरवाज्याकडे सरकला होता. शेठनं त्याची गचांडी धरली. त्याच करवतीच्या मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. दात पडल्याचा आवाज आला. मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, ज्या बांबूनं माझ्या बापाला मारलं त्याच बांबूनं. तो "सेठ, पैसे लौटाता हूँ" म्हणत जमिनीवर सरपटत होता. मला त्याची दया आली नाही. बाबांना आली. सुजल्या ओठांनी ते म्हणाले, "शेठ, मरंल तो. सोडा."

शेठ धापा टाकत थांबला. बाबांना म्हणाला, "पटवेकरी, दवाखान्याचा खर्च मी देतो. विषय इथंच मिटवा."

"खर्च नको," मी म्हणाले. "बाजारात चोर म्हणालात. बाजारात येऊन न्हाय म्हणा."

"तुझी जीभ लय चालते पोरी."

"चालते. कॉलेजला पाठवलंय त्यासाठीच."

बाबांनी माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले नाही. आईही राहिली नाही. ती ऑफिसातून फोटोची फ्रेम काखेत मारून आली आणि म्हणाली, "न्हाय आलात तर हा फोटो नि हे दोन तुकडे मी बाजारात टांगीन. येणाऱ्या प्रत्येकाला मोजायला लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाजीवाल्यांची गर्दी असताना, शेठ अंगठ्याला पट्टी बांधून आला. जीप लांबच लावली. मान खाली घालून, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला, "ह्यांनी मणी चोरला न्हाय. माझी चूक झाली."

बाबांची दोन बोटं परत सरळ झाली नाहीत. गाठ बांधायची कामं पुढं मी केली. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले, आणि नंतर त्याच बाजारात आमचं पक्कं दुकान झालं. पाटीवर बाबांचं नाव आहे.