पूंकोडीचे उरलेले तास

तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या पूंकोडीला कटिंगचा वर्ग लावायचा होता, आठवड्याला आठ तासांचा. वर्ग चालवणारी अमुदा म्हणाली, "फी राहू दे. आधी तास मोज."

आठवड्याचे एकशे अडुसष्ट. झोपेत एकोणपन्नास गेले, कारखाना आणि जाण्यायेण्यात सहासष्ट, चूल-धुणं-पाण्यात पस्तीस. अठरा उरले, तशी पूंकोडी खुलली.

"ओव्हरटाइम?"

"तो काय रोज असतो? तीनदा, दोन-दोन तास."

"म्हणजे बारा उरले."

"तरी पुरतात की, अक्का!"

"आणि पोरगी?"

"यालिनी? सहा वर्षांची असून शहाणी आहे हो. मी डोसे घालते, ती कोपऱ्यात बसून अभ्यास करते. तिला वेगळा वेळ लागतच नाही."

पूंकोडीलाच आपलं बोलणं कानाला टोचलं. मुठीतले फीचे पैसे तिने गुपचूप कनवटीला लावले.

घरी येऊन ती लेकीला म्हणाली, "उद्या रविवार. दुपारभर आपण दोघी एकत्र."

यालिनीने वहीतून मान वर केली. "काय काम करायचंय, अम्मा?"