हलणारा बाण

अकोटात लग्नपत्रिका करायची तर इनायतुल्लाकडे जा, असं तेल्हाऱ्याचे लोकसुद्धा सांगत. माणूस जिभेनं तिखट. कोणी पत्रिकेत आणखी चार मामांची नावं वाढवायला आलं, की म्हणायचा, "पत्रिका हाये का मतदारयादी?" पण नवरा-नवरीची नावं त्यानं कधी तयार फॉन्टात टाकली नाहीत. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुढे ब्रश सुटला, लॅपटॉप आला, तरी मराठी असो की उर्दू, नावाचं अक्षर तो माऊसनं स्वतः ओढायचा. त्याच्या अक्षरासाठीच लोक येत.

चार महिन्यांपासून ते अक्षर बिघडलं होतं. स्क्रीनवरचा बाण थरथरायचा, काना सरळ उतरायचा नाही. इनायतुल्लानं माऊसच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सेल बदलला. टेबलावर काच होती, आणि काचेवर ऑप्टिकल माऊस गडबडतो, म्हणून खाली पुठ्ठा घातला. माऊसचं इवलंसं डोंगल लॅपटॉपच्या या पोर्टातून काढून त्या पोर्टात लावलं. फरक शून्य. दोन पत्रिका तर त्याची मुलगी महेजबीन हिनं तो नमाजाला गेल्यावर गुपचूप नीट करून ठेवल्या. ते त्याला कळलं होतं.

"चाल बेटा, अकोल्याले जाऊ," एक दिवस तो म्हणाला. "लग्नसराई तोंडावर आली. चांगला माऊस आणला का सारं ठीक होते."

अकोल्यात योगेशचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. जुनी ओळख. इनायतुल्लानं लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"डोंगलवाला देऊ का ब्लूटूथवाला, चाचा?" योगेश म्हणाला. "डोंगल लावलं का चालू, पण एक पोर्ट अडवते. ब्लूटूथले पोर्ट लागत नाही. फक्त पयल्यांदा जोडून घ्या लागते, अन् लॅपटॉप झोपेतून उठला का कदी कदी दोन सेकंद वाट पाहा लागते."

"माह्याकडे पोर्टच दोन. एकाले प्रिंटर, दुसऱ्यात डोंगल अन् पेनड्राइव्हची मारामारी. ब्लूटूथच दे."

योगेशनं जोडून दिला. इनायतुल्लानं पॅडवर माऊस धरला आणि एक 'म' ओढायला घेतला. बाण थरथरला.

"ब्लूटूथ अटकून राहिलं असन," तो म्हणाला.

योगेशनं डोंगलवाला लावला. तेच. मग लेझर सेन्सरचा काढला. तेच. "सेल उतरला असन रे!"

"आत्ताच नवा टाकला, चाचा. हा वर्षभर चालते." योगेशनं माऊसवरचं लहान बटण दाबलं. "डीपीआय कमी केला. आता हात तेवढाच सरकला तरी बाण कमी सरकन. पाहा बरं."

थरथर कमी झाली. इनायतुल्लाचा चेहरा उजळला. त्यानं श्वास रोखून काना खाली ओढला. अर्ध्यावर काना वाकडा झाला.

"ताई, तुमी धरा बरं," योगेश सहज म्हणाला.

महेजबीननं नको-नको म्हणत माऊस धरला. बाण जागच्या जागी उभा राहिला. तिनं रेघ ओढली, ती सरळ उतरली. महेजबीननं झटकन हात काढून घेतला.

"हाबी माऊस बेकारच हाये, चाचा," योगेश म्हणाला आणि स्टुलावर चढू लागला. "वरच्या खोक्यात दुसरा असन."

"उतर खाली," इनायतुल्ला म्हणाला. "त्या गरीब माऊसवर कावून आळ घेतं? चार महिने मी घेतला, तेवढा बस झाला."

त्यानं उजवा हात काउंटरखाली नेला. चाळीस वर्षं या हातानं कमावलं, घर चालवलं, पोरीला शिकवलं. त्याला फार रडू आलं, पण मुलीसमोर कसं रडायचं, म्हणून तो उगाच खोकत राहिला.

"हिच्या हातात बसन असा लहान दे," तो शेवटी म्हणाला. "ब्लूटूथवालाच."

"अब्बा, आधी डॉक्टरले हात दाखवू."

"दाखवू ना. पण लग्नाची तारीख थांबते का कोणासाठी? अक्षर तू ओढ. कुठं वळवाचं ते मी सांगत जाईन."

महेजबीन डोळे पुसत लॅपटॉप पिशवीत घालू लागली.

स्टँडवर अकोटची एसटी लागलेली होती. इनायतुल्ला खिडकीशी बसला आणि माऊसचा खोका त्यानं स्वतःच मांडीवर धरला. खोक्यात माऊससोबत आलेला सेल मोकळा होता. तो खडखड वाजू लागला. महेजबीननं थोडा वेळ ऐकलं, मग हळूच खोका त्याच्या हातातून काढून घेतला.

"गाडी लय हालते," तो म्हणाला.

"हो अब्बा," ती म्हणाली.

ड्रायव्हर अजून खाली उभा राहून चहा पीत होता.