दोन्ही पाय तपासावेत

कल्याणी ओव्हाळ छत्तीस वर्षं अंगणवाडीच्या कामात होत्या. आधी सेविका, मग पर्यवेक्षिका. निवृत्त झाल्या त्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी धायरीच्या घरात कपाटात ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात एका संस्थेत पुन्हा कामाला लागल्या. ही संस्था बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते. तिथल्या बायकांना शिकवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी शहाण्णव पानांची पुस्तिका लिहिली होती. त्यात एकही नियम एकटा नव्हता. प्रत्येकाच्या मागे 'का' होता आणि एखादं खरं मूल होतं.

गुरुवारी सकाळी वाघोलीच्या पाळणाघरातून ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा चार महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चटपटीत मुलगी.

"ताई, एक चांगली बातमी. आपली पिंकी वजनाच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यातून हिरव्यात आली! मागच्या महिन्यात सात किलो सातशे होती, आज आठ तीनशे."

दीड वर्षाची मुलगी. महिन्यात सहाशे ग्रॅम. कल्याणीताईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"खाते का नीट?"

"छे हो, चिडचिड करते, घास थुंकते. पण वजन वाढलंय ना."

"पाय तपासलेस?"

"तपासले की. दोन्ही तपासले. वाळे होते, ते काढले. चांदीचे होते ताई, जड. मग वजन केलं."

कल्याणीताईंनी डोळे मिटले. "ऋतुजा, आता फोन ठेवू नकोस. पिंकीच्या पंजाच्या पाठीवर अंगठा ठेव. दाब. एक, दोन, तीन म्हण. आता काढ. काय दिसतं?"

पलीकडून ऋतुजाचं मोजणं ऐकू आलं. "खळगा पडलाय. ताई, तो भरत नाहीये."

"दुसऱ्या पायावर?"

"तिथंही."

"तिच्या आईला घे आणि सरकारी दवाखान्यात ने. आत्ता. सूज आहे ती. वजन पोरीचं नाही वाढलं, अंगातल्या पाण्याचं वाढलंय."

ऋतुजा पिंकीला घेऊन निघाली. स्वारगेटजवळच्या ऑफिसात कल्याणीताई उठल्या आणि आमोदच्या टेबलापाशी गेल्या. आमोद संस्थेचा प्रशिक्षण समन्वयक, वय सत्तावीस, मनानं चांगला. शहाण्णव पानं कोण वाचणार म्हणून त्यानं पुस्तिकेचा सारांश केला होता. दोन पानं. सेविकांना चार महिन्यांपासून तीच दोन पानं मिळत होती. सोमवारी आणखी चाळीस जणींचं प्रशिक्षण होतं, आणि कागद संध्याकाळी छापायला जायचे होते.

"आमोद, इथे काय लिहिलंय, वाच."

"'वजनापूर्वी दोन्ही पाय तपासावेत.' बरोबर आहे ना? तुमच्याच पुस्तकातलं आहे."

"माझ्या पुस्तकात ते वाक्य दीड पानाचं होतं."

"हो, मी क्रिस्प केलं."

"ऋतुजानं पायातले वाळे काढले."

आमोदला आधी हसू आलं. मग पुढचं ऐकलं, आणि हसू मावळलं. "पण मॅडम, वाक्य चूक नाहीये."

"चूक असतं तर कोणीतरी विचारलं असतं. तुझी वाक्यं सगळी बरोबर आहेत, म्हणून तर कोणी विचारत नाही! उसाचा रस फेकलास बाबा, आणि चिपाडं नीट मोजून वाटलीस."

"मग काय, अख्खं पुस्तक छापू?"

"मी असं म्हटलं? खुर्ची ओढ."

ती दुपार आमोदला बरीच महागात पडली. ताईंची पद्धत एकच. सारांशातलं वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, "हे वाचून शहाणी बाई काय चुकीचं करू शकेल?"

"'ओआरएसचे पूर्ण पाकीट वापरावे.' सांग."

"यात काय चुकणार?"

"पेलाभर पाण्यात पूर्ण पाकीट ओतेल आणि जुलाब झालेल्या पोराला पाजेल. तू 'एक लिटर पाण्यात' गाळलंस."

"ते पाकिटावरच असतं ना!"

"इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि पूर्ण का, तेही गाळलंस. बायका काटकसरी असतात, अर्धं उद्याला ठेवतात. भुकटीतलं मीठ आणि साखर अर्ध्या अर्ध्या पुडीत सारखी येतीलच असं नसतं. एवढं कळलं की ती आपणहून पूर्ण पाकीट मोजून लिटरभर पाण्यात टाकेल. पाणी कमी पडलं तर खारट होऊन बाधतं, हेही लिही."

आमोद टाईप करत राहिला. मध्येच म्हणाला, "या मुद्द्याला पुस्तकात तीन उदाहरणं आहेत. तिन्ही घेऊ?"

"एकच. ज्याच्यावाचून मुद्दा पांगळा होतो तेवढंच. योजनेचा इतिहास, आकडेवारी, माझी ती लांबलचक प्रस्तावना, काही नको. ते तू काढलंस ते बरंच केलंस." एवढं एक कौतुक त्याच्या वाट्याला आलं.

पुढचा मुद्दा होता, 'दरमहा वजन नोंदवावे.' ताई चिडून हसल्या. "नोंदवतातच. नोंदवून वही मिटतात. धायरीतला एक मुलगा तीन महिने नऊ दोनशेच होता, हिरव्या पट्ट्यात. सगळ्या खूश. चौथ्या महिन्यात तापानं पडला आणि थेट पिवळ्यात गेला. वाढत्या वयात रेष आडवी जाणं हाच इशारा. रंग बघायचा आणि रेषही. तो मुलगा परत आण या कागदावर."

पाच वाजता दोनाची पाच पानं झाली होती. पायाचा मुद्दा ताईंनी स्वतः सांगितला. आमोदनं जसाच्या तसा उतरवला: 'उपाशी मुलाच्या अंगात पाणी साठते तेव्हा काटा वजन जास्त दाखवतो. म्हणून आधी सूज पाहावी. दोन्ही पायांच्या पंजांच्या पाठीवर अंगठा तीन सेकंद दाबावा. खळगा राहिला तर वजन काहीही असो, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. दोन्ही पाय यासाठी, की एकाच पायाची सूज मार लागूनही येते.' खाली पिंकीची हकीकत, नाव न घेता.

"आता पाठवू छापायला?"

"कुणी वाचून, काय कळलं ते सांगितलं का आपल्याला? ऋतुजाला लाव फोन."

पिंकीला दवाखान्यात दाखल करून घेतलं होतं. वेळेत आणलीत, असं डॉक्टर म्हणाले होते. ऋतुजा वऱ्हांड्यातच बसली होती. आवाज रडका होता, पण आमोदनं पाठवलेला मजकूर तिनं मोबाईलवर वाचला.

"आता कागद बाजूला ठेव," ताई म्हणाल्या, "आणि नव्या बाईला सांगतेस तसं मला सांग. दोन्ही पाय कशाला?"

ऋतुजानं सांगितलं. स्वतःच्या शब्दांत, कुठेही न अडखळता. आमोदनं सुटकेचा श्वास सोडला आणि बोट 'पाठवा'वर नेलं.

"ताई, एक बोलू?" ऋतुजा म्हणाली. "तिची आई यायलाच तयार नव्हती. खुशीत होती. म्हणे, गाल बघा कसे भरलेत, पोरीनं बाळसं धरलंय, आणि तुम्ही दवाखान्यात काय नेता. अर्धा तास गेला तिला समजवण्यात. खळगा तिच्या अंगठ्यानं करून दाखवला तेव्हा उठली. हे यात नाहीये."

कल्याणीताईंनी कपाळावर हात मारला. छत्तीस वर्षांत शंभर आयांच्या तोंडून ऐकलेला शब्द, आणि शहाण्णव पानांतही तो नव्हता.

"नाहीये," त्या वैतागून म्हणाल्या. "आमोद, बोट उचल तिथून. लिही. 'आई म्हणेल, बाळसं धरलंय.' पुढे लिही, 'तिचाच अंगठा धरून दाबून दाखवावे.'"

"मॅडम, प्रेसवाले सहाला बंद करतात."

"मग बोलतोस काय, टाईप कर."