बोनस खाणारी बाई

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत काही महिने मला लोक ‘बोनस खाणारी’ म्हणत. तोंडावर नाही. जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत, मला नेमकं ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी हिशेब खात्यात ऑफिसर होते आणि मी एक एंट्री पोस्ट केली होती. ती बरोबर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे मालक परदेशातले, त्यांच्या हट्टापायी आमच्याकडे कॉम्प्युटर लवकर आला. मोठं धूड एका थंडगार खोलीत, आणि खात्याखात्यात त्याचा एकेक हिरव्या अक्षरांचा पडदा. त्यावरून इमारतीतल्या इमारतीत ई-मेल पाठवता यायचा. बहुतेक लोक तो न वापरता सरळ जिन्यातून हाक मारत.

खाली फॅक्टरीच्या मजल्यावर एक ज्युनियर बुककीपर बसायचा. बी.कॉम. होऊन नुकताच लागलेला. डोकं चांगलं होतं, पण माझ्याशी पहिल्या दिवसापासून तिरका. वरच्या मजल्यावर बसणारं प्रत्येक माणूस मालकाचं, असा त्याचा हिशेब होता.

मार्चअखेर आम्ही कामगारांच्या बोनसची तरतूद केली. पैसे हातात पडणार दिवाळीला, पण मेहनत सरत्या वर्षातली. म्हणून खर्च त्याच वर्षात धरायचा आणि तेवढी रक्कम ‘बोनस देणे’ या खात्यात उभी ठेवायची. वर्षाची पुस्तकं बंद झाल्यावर एक एप्रिलच्या तारखेने मी तीच एंट्री उलट फिरवली. ‘बोनस देणे’ शून्यावर आलं आणि नव्या वर्षाच्या बोनस खर्चाच्या खात्यात तेवढीच रक्कम जमेला बसली. खालच्या त्या बुककीपरने आपल्या पडद्यावर पाहिलं: देणं शून्य, एंट्री रिव्हर्स, पोस्ट करणारी मी.

मला विचारायला दोन जिने चढायचे होते. तो चढला नाही, कॅन्टीनमध्ये गेला.

दुपारपर्यंत असेंब्लीच्या बायकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळलं की वरच्या बाईने बोनस उडवला. युनियनचे पुढारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी समजावू लागले तर एकजण म्हणाला, “मॅडम, इंग्लिश नको. पैसे आहेत की नाहीत, तेवढं बोला.” मॅनेजर साहेबांनी केबिनचं दार लोटून घेतलं आणि नंतर मला म्हणाले, “त्या पोराला तुम्हीच समजवा. लेखी समजवा.”

मी ई-मेल लिहिला. पडद्यावर देवनागरी नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केली. तो साधारण असा होता:

“तू पाहिलेली एंट्री मी पोस्ट केली आहे आणि ती चुकून केलेली नाही. बोनसचा खर्च मार्चमध्ये एकदा धरून झाला. दिवाळीत पैसे वाटले की खालून व्हाउचर येईल आणि ते नेहमीप्रमाणे बोनस खर्चालाच नावे पडेल. उलट एंट्री केली नसती तर एकच बोनस दोन वर्षांत दोनदा खर्ची पडला असता. गेल्या वर्षी, तू यायच्या आधी, तेच झालं होतं आणि ते निस्तरताना माझा जीव गेला. आता खर्चाच्या खात्यात रक्कम आधीच जमेला आहे. पैसे दिले की समोर नावे पडेल आणि खातं शून्यावर येईल. तरतुदीपेक्षा जास्त बोनस ठरला तर फक्त वरचा फरक या वर्षाचा खर्च. मार्चच्या ताळेबंदात बोनसचं देणं जसंच्या तसं दाखवलेलं आहे, ऑडिटरने तपासलेलं आहे. एंट्री उलटली म्हणून देणं बुडत नाही. कामगारांचं जे द्यायचं ते कंपनीला द्यावंच लागेल.”

खाली आणखी एक ओळ घातली: “एवढं समजत नसेल तर कॅन्टीनमध्ये भाषण ठोकण्याआधी दोन जिने चढून यावं.” ती ओळ मी आजही मागे घेत नाही.

पठ्ठ्याने ई-मेलचा कागद छापून काढला, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि कॅन्टीनच्या फळ्यावर मेनूशेजारी टाचला. वरचं कोणी वाचलं नाही. लाल रेघ सगळ्यांनी वाचली.

जेवणाच्या टेबलावर माझी जागा ठरलेली होती. शेजारी असेंब्लीतली एक मालवणची बाई बसायची. तिच्या सुकटाची वाटी आणि माझी वालाची उसळ यांची रोज अदलाबदल होई. दुसऱ्या दिवशी तिने आपला डबा पलीकडे ओढला आणि म्हणाली, “तुमका आमच्या सुकटाची काय गरज? तुमी आमचो बोनस खातास.” आजूबाजूचे हसले. मला फार लागलं, पण उठून जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. मी डबा संपवला. पुढे कितीतरी महिने तसाच संपवला.

एकदा त्या बुककीपरला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, “ई-मेल वाचलास ना? त्यातलं काय चूक आहे ते दाखव.”

“चूक काय नाय,” तो म्हणाला. “माझ्या बाबांना पण गिरणीत असंच सांगितलेलं. पैसे वहीत आहेत, काळजी करू नका. गिरणी बंद झाली, वही कुठे गेली कोणाला ठाऊक.”

“मग गिरणीवाल्यावर ओरड. माझ्यावर काय ओरडतोस?”

“तुम्ही त्यांच्यातल्याच ना.”

त्याच्या बाबांबद्दल मला वाईट वाटलं. त्याच्याबद्दल तसूभरही वाटलं नाही.

दिवाळी आली. बोनस ठरला तो मार्चमध्ये धरला होता तेवढाच. व्हाउचर आलं, त्यानेच ते बोनस खर्चाला नावे टाकलं. मी वर माझ्या पडद्यावर खातं उघडून बसले होते. शिल्लक शून्य. खालून ना फोन आला, ना ई-मेल.

त्या संध्याकाळी तो रजिस्टर आणि पाकिटांची पिशवी घेऊन आमच्या मजल्यावर आला. टायपिस्टला दिलं, शिपायाला दिलं, सह्या घेतल्या. मग माझ्या टेबलाशी उभा राहून पानं मागेपुढे करू लागला.

“मॅडम, तुमचं नाव राहिलंय वाटतं.”

“राहिलेलं नाही. पगार मर्यादेच्या वर गेला की बोनस नाही. ऑफिसर झाले तेव्हाच माझं नाव गेलं.”

“म्हणजे त्या रकमेत तुमचा एक रुपया पण नव्हता?”

“नव्हता.”

“मग एवढं ऐकून कशाला घेतलंत? तेव्हाच सांगायचं ना.”

“तू विचारायला आला होतास?”

त्याने रजिस्टर मिटलं आणि खाली गेला. या वेळीही तो आधी कॅन्टीनमध्येच बोलला असणार, कारण दुसऱ्या दिवशी जेवताना फळ्यावरचा तो कागद गायब होता आणि टेबलावर कोणी हसत नव्हतं. मालवणच्या बाईने सुकटाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

मी ती तिच्याकडे परत सरकवली आणि माझी उसळ खाल्ली.