त्यानं तपासलेला थ्रेड

माझ्या मित्राची नजर अशी होती, की गोहलपुरातल्या आमच्या खोलीत बसल्या बसल्या तो तिलवाऱ्याच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकच्या मागचं शुद्धलेखन तपासायचा. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगायचो. तिलवारा तिथून दिसत नाही, मधे अर्धं जबलपूर आडवं येतं. पण मी इतक्या जोरात सांगायचो, की ऐकणारे गप्प बसायचे.

जोरात बोलणं माझा स्वभाव, अन् तिथं गरजही होती. आमच्या खोलीखाली लोखंडी फाटकं जोडायचं वर्कशॉप होतं. ग्राइंडर सुरू झालं की आमचे संगणक भिंतीकडे सरकायचे. आम्ही दोघंच, पण मी कार्डावर 'मुख्य कार्यालय' छापून घेतलं होतं. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, कटनीपासून सिंगापूरपर्यंत आमच्या शाखाच शाखा. दोघांचे वडील एकाच फॅक्टरीत, एकाच पाळीला. दोघांच्या घरी नागपुरी मराठी, बाहेर पडलो की हिंदी. शाळेपासून मी बोलायचो अन् तो पाहायचा. पुढे धंद्यातही वाटणी तीच राहिली.

आमचा नियम एकच होता. मी लिहिलेला कोड तो वाचल्याशिवाय चालवायचा नाही. तो खुर्ची जवळ ओढायचा, हनुवटी मुठीवर ठेवायचा आणि एकेक ओळ वाचायचा. कुठं खोट असली की बोट स्क्रीनवर टेकवायचा. बस्स. एकदा तर त्यानं खोलीत शिरता शिरता, चप्पल काढायच्या आधी, दारातूनच माझी चूक दाखवली होती. हे मात्र खरं आहे, यात मी एक कणही मिसळलेला नाही.

मग त्याला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. त्याच्या वडिलांना ते पाहिजे होतं. दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी गेलो की काका चहा द्यायचे आणि माझ्याकडे असे पाहायचे, जणू मी त्यांच्या पोराला जुगाराच्या अड्ड्यावर नेऊन बसवलंय.

"जाऊन राहिला का तू?" मी त्याला सरळच विचारलं.

तो बराच वेळ कीबोर्डवरची धूळ फुंकत बसला. मग म्हणाला, "शाळेचं काम मिळालं तर थांबतो. नाही मिळालं तर जातो."

"मिळालंच समज बे!" मी असा ओरडलो की खालचं वेल्डिंग थांबलं.

शाळेचं काम म्हणजे असं. वर्गात गैरहजर असलेल्या मुलांच्या पालकांना लगेच मोबाइलवर संदेश जायचा आणि गेलेल्या संदेशाची नोंद व्हायची. आम्ही ते फ्लास्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार साच्यात, बांधलं होतं. सगळं चालत होतं, फक्त बटण दाबलं की पान अडकून बसायचं, कारण एकेक संदेश जाईपर्यंत ते वाट पाहायचं. प्राचार्या मॅडमना दाखवायच्या आदल्या दिवशी मी ते काम एका वेगळ्या थ्रेडमध्ये, बाजूनं चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात टाकलं. म्हणजे पान ताबडतोब 'संदेश पाठवले' म्हणून मोकळं होणार, आणि पालकांचे नंबर डेटाबेसमधून काढून संदेश पाठवायचं काम मागच्या मागे चालणार. फ्लास्कच्या शेलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ते फंक्शन मी स्वतः चालवून पाहिलं. माझ्या मोबाइलवर संदेश टणाटण आले. मी वर्कशॉपवाल्या भैयाला गाठून सांगितलं, की आजपासून अख्ख्या मध्य प्रदेशात पोरांना शाळा बुडवता येणार नाही.

"अच्छा? फिर तो बच्चे मारेंगे आपको," तो म्हणाला.

संध्याकाळी मित्रानं खुर्ची ओढली. हनुवटी मुठीवर. थ्रेडचा भाग आला तेव्हा तो थांबला. मला आठवतं, बोट अर्धं उचललं होतं. मग त्यानं ते परत मुठीत घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी जे बोललो ते पुन्हा कुणाला जमणार नाही. मॅडमच्या भिंतीवर प्रोजेक्टर, मित्राच्या मांडीवर लॅपटॉप, अन् मी मधे उभा. चाचणीसाठी मॅडमचाच नंबर पालक म्हणून टाकलेला होता. शिक्षिकेनं एका मुलाला गैरहजर दाखवलं, बटण दाबलं, भिंतीवर हिरव्या अक्षरांत 'संदेश पाठवले' उमटलं. मी टाळी वाजवली.

मॅडमनी टेबलावरचा फोन पाहिला. मग उचलून पाहिला. मग चष्मा लावून पाहिला.

"आया नहीं, बेटा."

"आ रहा है मॅडम! एक सेकंद."

तोवर मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्यांच्या शाळेच्या इमारतीची तारीफ केली. पुन्हा बटण, पुन्हा हिरवी अक्षरं. फोन मुका. मी मित्राकडे वळलो. संदेश का जात नाहीत ते त्याच्या स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दिसायचं, आणि ती खिडकी प्रोजेक्टरवर येत नव्हती. तो तिच्याकडेच पाहत होता.

"काय झालं?"

"नेटवर्क असेल," असं म्हणून त्यानं झाकण लावलं.

"लिख तो दिया कि भेज दिया," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "झूठ लिखता है क्या आपका कंप्यूटर?"

मी मॅडमना नमस्कार करून दाराकडे निघालो. परत येताना स्कूटर मी चालवली, तो लॅपटॉप पोटाशी धरून मागे बसला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सामान बांधून राहिला होता. मी एकट्यानं माझ्या संगणकावर तेच बटण दाबलं आणि काळी खिडकी स्वतः वाचली. त्यात लिहिलं होतं: वर्किंग आउटसाइड ऑफ अॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट. दुपारपर्यंत डोकं लावलं तेव्हा उलगडलं. फ्लास्कमध्ये एखादी विनंती आली, म्हणजे कुणी बटण दाबलं, की तेवढ्यापुरता तिच्याभोवती एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे संदर्भ, उभा राहतो. आपण कोणतं अॅप, आपला डेटाबेस कोणता, हे त्यावरून कळतं. पण आपण वेगळा थ्रेड काढला, तर तो कॉन्टेक्स्ट त्याच्या सोबत जात नाही. थ्रेड डेटाबेसला हात लावायला जातो, कोणत्या अॅपचा डेटाबेस ते त्याला ठाऊक नसतं, आणि तो तिथंच मरतो. इकडे पानाला त्याचा पत्ताही नाही, ते खुशाल 'पाठवले' म्हणतं. अन् शेलमध्ये तपासताना सगळं चालतं, कारण शेल उघडलं की कॉन्टेक्स्ट आधीच उभा असतो.

मी नाचलो. खरंच नाचलो, खालून भैयानं छताला काठी ठोकली. अॅप थ्रेडसोबत द्यायचं आणि आत कॉन्टेक्स्ट उभा करून मग डेटाबेसला हात लावायचा. इतकंच! एवढ्यासाठी कुणी गाव सोडतं का? मी स्कूटर काढली आणि दीक्षितपुऱ्यात पोचलो. वाटेत सगळं ठरवलं होतं. मॅडमकडे आजच पुन्हा जायचं, बॅग उघडायची, कपडे खुंटीवर.

काकांनी दार उघडलं. आज चहा विचारला नाही. तो आतल्या खोलीत पलंगावर शर्टांच्या घड्या घालत होता.

"सापडलं बे!" मी दारातूनच. "नेटवर्क गेलं खड्ड्यात. थ्रेडला अॅप द्यायला पाहिजे होतं. आता मी करंट अॅप पाठवून देतो त्याच्यासोबत..."

"तसं नाही चालणार," तो मान वर न करता म्हणाला. "करंट अॅप म्हणजे नुसता मध्यस्थ आहे, खऱ्या अॅपकडे बोट दाखवणारा. थ्रेडमध्ये गेला की तोही तीच एरर देईल. बाहेर असतानाच त्याच्यातून खरं अॅप काढून घे, गेट करंट ऑब्जेक्ट करून. मग ते दे."

हातातला शर्ट त्यानं पूर्ण घडी करून बॅगेत ठेवला. मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

मी अजून एररचं नावही सांगितलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. माझा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्यानं दुसरा शर्ट उचलला.

"शाळेत पाहिलं तेव्हा कळलं?"

"आदल्या दिवशी."

"मग काहून नाही बोलला?"

तो पलंगावर बसला. स्वयंपाकघरात काका उगाच भांडी हलवत होते.

"बोललो असतो तर काम मिळालं असतं," तो म्हणाला. "काम मिळालं असतं तर मी थांबलो असतो. मला थांबायचं नव्हतं यार."

"तर सरळ सांगायचं ना, जातो म्हणून!"

"तुला?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कुणी नाही म्हणू शकलंय का? तू बोलत सुटतोस. सिंगापूर काढतोस. मी तीनदा सांगायला आलो होतो. तिन्ही वेळा तुझ्यासोबत समोसा खाऊन परत गेलो."

यावर हसायला हवं होतं. आम्ही दोघांनी प्रयत्नही केला. त्याला जमलं नाही, अन् मला तर मुळीच नाही.

पुण्याला तो नागपूरमार्गे निघाला; नागपूरच्या बसमध्ये त्याला बसवायला मी गेलो नाही. गेलो तो त्या बसच्या वाटेवर तिलवाऱ्याला, पुलाच्या अलीकडे स्कूटर लावून उभा राहिलो. बस आली, गेली. सगळ्या खिडक्यांना पडदे. मी लोकांना सांगतो की त्यानं पडदा सारून हात केला. नव्हता केला. तो तिकडच्या बाजूला बसला असेल.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा वेळ दिली. लॅपटॉप आता माझ्याच मांडीवर होता. शिक्षिकेनं बटण दाबलं, हिरवी अक्षरं आली, आणि ती पुरती वाचायच्या आत मॅडमचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी दोनदा वाचलं. नोंद उघडून दाखवायला सांगितली. नोंदही होती.

"बढ़िया," त्या म्हणाल्या. "सोमवार से शुरू कर दीजिए."

ज्या कामासाठी तो थांबणार होता ते काम मला मिळालं.

मॅडमनी कागद आवरले. "और वो दूसरे भैया? चुप वाले?"

मी छाती फुगवली. "मॅडम, उसको तो पुणे वाले हाथ जोड़कर ले गए. बोले, ऐसी नजर पूरे हिंदुस्तान में नहीं है. एक बार देख ले, तो गलती बच नहीं सकती."

"अच्छा!" त्यांना खरंच आनंद झाला. "तो अब आपका काम कौन जाँचेगा?"

बोलायला तोंड उघडलं. एरवी एवढ्या अवकाशात मी सिंगापूरला जाऊन परत येतो. त्या दिवशी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो, अन् ती गुंडाळून संपली तरी गुंडाळत राहिलो.