दहा अंकी वेळ

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्यात तापमानाचा सेन्सर बसवला होता. बाबा रोज त्यावरची धूळ टॉवेलनं पुसायचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी स्क्रीनवरच्या तारखा वाचल्या. सगळ्या नोंदी जानेवारी १९७० च्या.

"तेव्हा तुझा बाप तरी जन्मला होता का रे?" ते हसले. "डेटा घरी बसून बनवलायस."

मी घाबरतच एक नोंद उघडली. कॉम्प्युटर वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतो. इथे वेळेचा आकडा दहा अंकी होता, म्हणजे सेन्सर सेकंद पाठवत होता. माझं वेबपेज ते मिलिसेकंद समजत होतं. हल्लीची वेळ मिलिसेकंदांत तेरा अंकी असते. मी हजारानं गुणलं आणि तारखा गेल्या महिन्याच्या झाल्या.

सरांनी स्वतः अंक मोजले. "बरोबर आहे. पण मार्क भरून झालेत. आणि चूक तुझीच की."

चूक माझीच होती. पण डेटा खरा आहे, एवढं तरी त्यांनी म्हणायला हवं होतं.

घरी बाबांनी विचारलं, "सायेब काय म्हणलं?"

"चांगलं म्हणाले."

"मग मशीन काढू नगंस. ऱ्हाऊ दे की," म्हणत ते टॉवेल घेऊन गोठ्यात गेले.